राउटरचा कन्सोल गप्प बसला असेल तर: यूएसबी-सिरियल अडॅप्टरच्या वायरी, टीएक्स-आरएक्स आणि तपासणीचा क्रम

राउटरचं फर्मवेअर बिघडलं की शेवटचा दरवाजा म्हणजे बोर्डावरची चार पिनांची सिरियल पट्टी. पेटी उघडायची, अडॅप्टरच्या तीन वायरी, म्हणजे बोलणारी टीएक्स, ऐकणारी आरएक्स आणि ग्राउंड, लावायच्या, राउटर चालू करायचा आणि पडद्यावर बूटलोडरचे, म्हणजे राउटर सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमचे, शब्द यायची वाट बघायची. हे मी आजवर कितीतरी राउटरांवर केलं आहे, आणि माझ्याकडे "कन्सोल मेलाय" म्हणून आलेल्या बोर्डांपैकी बहुतेकांचा कन्सोल जिवंतच होता. चूक वायरींत होती, आणि बऱ्याचदा एकाच वेळी दोन चुका होत्या. एक चूक सुधारली तरी दुसरीमुळे पडदा काळाच राहतो, मग माणूस सुधारलेली चूक परत बिघडवतो आणि रात्रभर गोल फिरतो. म्हणून खालचा क्रम मी सोडत नाही.

हे सगळं राउटरच्या आतल्या पिनांच्या कन्सोलबद्दल आहे, जिथे बहुधा ३.३ व्होल्टचे संकेत असतात. काही राउटरांना मागच्या बाजूला 'कन्सोल' लिहिलेलं आरजे-४५ सॉकेट असतं. त्यावर बहुधा आरएस-२३२ पातळीचे, म्हणजे उणे आणि अधिक दोन्ही बाजूंना जाणारे जास्त व्होल्टेज असतात. त्याला वेगळी केबल लागते. इथला अडॅप्टर तिथे लावू नका.

लक्षणं

आधी आपल्याकडे नेमकं काय होतंय ते बघा, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या जागी बोट दाखवतं.

पडदा पूर्ण काळा, राउटर बंद-चालू केला तरी एकही अक्षर नाही: टीएक्स-आरएक्स उलटे, चुकीचा पोर्ट किंवा चुकीची पिन.

राउटरचे संदेश नीट दिसतात पण आपण टाइप केलेलं पोचत नाही: दोनपैकी एकच वायर काम करते आहे, किंवा प्रोग्रॅममधला फ्लो कंट्रोल चालू राहिला आहे.

अक्षरं येतात पण कचरा दिसतो: राउटर दोनदा चालू करून दोन्ही वेळचा कचरा शेजारी ठेवा. दोन्ही वेळा साधारण तोच कचरा आला तर बॉड रेट, म्हणजे संकेतांचा वेग, चुकलाय. दर वेळी वेगळा आला, किंवा वायरीला हात लावला की बदलला, तर ग्राउंड लागलेला नाही.

अडॅप्टर लावला की राउटर सुरूच होत नाही, किंवा बूटलोडरपाशी अडकून बसतो: हा वेगळा प्रकार आहे, त्याचं शेवटी बघू.

पहिली तपासणी: राउटरला हात न लावता

अडॅप्टर एकटा संगणकाला लावा आणि तो कुठल्या नावाने दिसतो ते पाहा. लिनक्सवर:

```
dmesg | tail
ls -l /dev/serial/by-id/
```

तिथे `ttyUSB0` किंवा `ttyUSB1` असं नाव दिसेल. अडॅप्टर काढा, परत लावा, आणि नाव नाहीसं होऊन परत येतं का ते डोळ्यांनी बघा. ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट आहे, पण दुसरं एखादं यूएसबी उपकरण लावलेलं असलं तर तेच `ttyUSB0` घेऊन बसतं आणि आपण भलत्याच दारावर थापा मारत राहतो. विंडोजवर हेच डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टच्या आकड्यावरून कळतं. पोर्ट दिसतो पण उघडताना परवानगी नाकारली जाते, असं झालं तर बहुतेक वितरणांत आपलं खातं `dialout` गटात घालावं लागतं.

आता अडॅप्टरच्या टीएक्स आणि आरएक्स पिना एका छोट्या वायरीने एकमेकींना जोडा. राउटर अजून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. मग प्रोग्रॅम उघडा:

```
picocom -b 115200 /dev/ttyUSB0
```

टाइप करा. अक्षरं परत उमटली पाहिजेत. लगेच ती छोटी वायर काढा आणि पुन्हा टाइप करा. आता काहीही उमटता कामा नये. हा दुसरा अर्धा भाग बरेच जण करत नाहीत. प्रोग्रॅमचा लोकल एको चालू असेल तर वायर नसतानाही अक्षरं दिसतात, आणि मेलेला अडॅप्टर चांगला ठरतो.

या चाचणीने तीन गोष्टी एकदम सिद्ध होतात: पोर्ट बरोबर आहे, ड्रायव्हर बरोबर आहे, आणि चिपचे दोन्ही पाय जिवंत आहेत. चाचणी फसली तर राउटरच्या बोर्डाशी झटापट करण्यात काही अर्थ नाही. आधी प्रोग्रॅमची सेटिंग बघा, मग केबल, मग अडॅप्टरच बदला.

सेटिंगमध्ये पहिला संशय फ्लो कंट्रोलवर. मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल अनेकदा आधीपासूनच चालू असतो. आपण तर तीनच वायरी लावणार, समोरून 'पाठव' म्हणणारी चौथी वायर नाहीच. मग प्रोग्रॅम त्या परवानगीची वाट बघत अक्षरं अडवून ठेवतो. मिनिकॉमच्या सिरियल सेटिंगमध्ये `Hardware Flow Control : No` करा, पुटीमध्ये फ्लो कंट्रोल `None` करा. `picocom` मध्ये तो मुळातच बंद असतो, म्हणून तपासणीसाठी मी तोच वापरतो.

एक मात्र लक्षात ठेवा. ही चाचणी टीएक्स कुठला आणि आरएक्स कुठला हे सांगत नाही. दोन्ही पिना एकमेकींना जोडल्यावर पाट्या उलट्या असल्या तरी अक्षरं परत येणारच. माझा बराचसा वेळ इथेच वाया गेला आहे.

दुसरी तपासणी: अडॅप्टरचा टीएक्स खरोखर कुठला

नियम सोपा आहे. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला. अडॅप्टरचा टीएक्स राउटरच्या आरएक्सला, अडॅप्टरचा आरएक्स राउटरच्या टीएक्सला, आणि ग्राउंड ग्राउंडला. अडचण येते ती पाट्यांची. बहुतेक अडॅप्टरांवर 'TXD' म्हणजे 'इथून माझा आवाज बाहेर पडतो'. काहींवर मात्र त्याचा अर्थ 'इथे समोरच्याचा टीएक्स लावा' असा असतो. अशा अडॅप्टरवर नियमाप्रमाणे उलटसुलट जोडलं की दोनदा उलट होतं, आणि तोंडासमोर तोंड येतं.

केबलच्या रंगांवरही विसंबू नका. एका प्रकारच्या चार वायरींच्या केबलमध्ये हिरवी वायर टीएक्स आणि पांढरी आरएक्स असते. दुसऱ्या एका प्रसिद्ध सहा वायरींच्या केबलमध्ये नारिंगी टीएक्स आणि पिवळी आरएक्स, आणि हिरवीचं काम फ्लो कंट्रोलचं. एकीवर पाठ केलेला रंग दुसरीवर फसवतो.

म्हणून मी पाटीला विचारत नाही, मल्टिमीटरला विचारतो. सिरियल रेषा शांत असते तेव्हा ती वर, म्हणजे ३.३ व्होल्टच्या आसपास असते. बिट शून्य असेल तेव्हाच ती खाली येते. शून्याचा बाइट पाठवला तर दहापैकी नऊ बिटांचा काळ रेषा खाली असते: एक सुरुवातीचा बिट आणि आठ शून्यं. फक्त शेवटचा स्टॉप बिट वर. तेव्हा शून्यांची अखंड धार सोडली की मल्टिमीटरवरचा सरासरी आकडा ३.३ वरून अर्ध्या व्होल्टच्या खाली यायला हवा.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब अडॅप्टरच्या ग्राउंडला लावा, `picocom` बंद करा आणि हे चालवा:

```
stty -F /dev/ttyUSB0 115200 raw -echo -crtscts
cat /dev/zero > /dev/ttyUSB0
```

लाल प्रोब एकेका पिनेला लावा. जिथे आकडा कोसळला ती पिन म्हणजे अडॅप्टरचं तोंड. तिच्यावर काय छापलंय ते विसरा, टेपचा तुकडा चिकटवून 'बाहेर' लिहा. `Ctrl-C` ने धार थांबवली की आकडा परत वर जातो.

थांबवल्यावरचा तो आकडाही टिपून ठेवा, कारण तीच अडॅप्टरची खरी पातळी. ३.३ च्या आसपास असेल तर पुढे जा. ५ च्या आसपास असेल तर तो अडॅप्टर राउटरला लावू नका. बऱ्याच अडॅप्टरांवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असतो, पण काही स्वस्त बोर्डांवर तो फक्त वीज देणाऱ्या व्हीसीसी पिनेचं व्होल्टेज बदलतो, संकेताचं नाही. जंपर ३.३ वर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, टीएक्स पिन मोजा.

तिसरी तपासणी: राउटरच्या चार पिना

आता पेटी उघडायची. राउटर बंद, वीज काढलेली.

ग्राउंड आधी शोधा. मीटर कंटिन्युइटीवर ठेवा. एक प्रोब वीज येणाऱ्या गोल सॉकेटच्या ऋण संपर्काला लावा. तो बहुतेक वेळा बाहेरचा असतो, पण राउटरवरच्या धन-ऋणाच्या खुणेवरून खात्री करा. दुसरी प्रोब चारही पिनांवर फिरवा. जिथे सलग आवाज येतो ती ग्राउंड.

मग राउटर चालू करा, मीटर डीसी २० व्होल्टवर, काळी प्रोब त्या ग्राउंडवर. प्रत्येक पिन मोजण्याआधी राउटर बंद करून परत चालू करायचा, कारण आपल्याला पहिल्या वीसएक सेकंदांतलं वागणं बघायचं आहे. व्हीसीसी लगेच ३.३ वर जाते आणि हलत नाही. टीएक्स वर जाते पण बूट होताना आकडा थरथरतो. अक्षरं बाहेर पडत असताना रेषा सारखी खाली येते, म्हणून मीटर २ ते ३ व्होल्टच्या मध्ये उड्या मारतो आणि बूट संपल्यावर ३.३ वर स्थिरावतो. हा थरथरणारा आकडा म्हणजे राउटर बोलतोय याचा पुरावा. अजून एकही वायर लावलेली नाही, तरी कन्सोल जिवंत आहे हे इथेच कळतं.

उरलेली पिन आरएक्स. तिच्यावर कधी ३.३, कधी जवळजवळ शून्य दिसतं. तिच्यात आणि व्हीसीसीत गोंधळ होत असेल तर १ किलोओमचा रोध ग्राउंड आणि त्या पिनेमध्ये धरा. व्हीसीसी ढिम्म हलणार नाही, आरएक्सचं व्होल्टेज खाली येईल. चौकोनी सोल्डर-पॅड म्हणजे व्हीसीसी असं समजू नका. तो फक्त पहिली पिन दाखवतो, आणि पहिली पिन काय असावी हे बोर्ड आखणाऱ्याने ठरवलेलं असतं.

मोजताना आकडा १.८ च्या आसपास आला तर थांबा. त्या बोर्डाला ३.३ चा अडॅप्टर चालत नाही, त्याला १.८ व्होल्टचा अडॅप्टर किंवा मध्ये पातळी बदलणारा छोटा बोर्ड लागतो. आणि आकडा उणे आला तर तो आरएस-२३२ आहे, तिथेही हा अडॅप्टर लागणार नाही.

चौथी तपासणी: जोडणी, आणि उलटी असेल तर

राउटर बंद करा. आधी ग्राउंड जोडा. लॅपटॉपचा चार्जर आणि राउटरचा चार्जर यांच्या ग्राउंडमध्ये कधी कधी मोठा फरक असतो. तो ग्राउंडच्या वायरीतून निघून जावा, संकेताच्या पिनेतून नाही. जमलं तर लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा.

दुसरी वायर फक्त राउटरच्या टीएक्सपासून अडॅप्टरच्या 'कानाला'. एवढ्यावरच थांबून राउटर चालू करा. ऐकायला दोन वायरी पुरतात. 'बाहेर' लिहिलेली वायर मोकळी ठेवा आणि व्हीसीसीला तर कधीच काही लावू नका. राउटरला त्याची स्वतःची वीज आहे. अडॅप्टरमधून दुसरी वीज दिली तर दोन पुरवठे एकमेकांशी भांडतात.

पडद्यावर अक्षरं आली की मगच तिसरी वायर. राउटर बंद करून ती आरएक्सला लावा, परत चालू करा आणि अशी ओळ दिसताच एखादी कळ दाबा:

```
Hit any key to stop autoboot:  1
```

मोजणी थांबून बूटलोडरचा प्रॉम्प्ट आला तर दोन्ही दिशा ठीक आहेत. संदेश दिसतात पण कळ लागू होत नाही, तर आधी फ्लो कंट्रोल पुन्हा बघा, मग तिसऱ्या वायरीचं टोक. काही बोर्डांवर आरएक्सच्या वाटेतला छोटा रोध कारखान्यातच बसवलेला नसतो, तिथे रिकामी जागा दिसते. ते सोल्डरिंगचं काम आहे.

टीएक्सला टीएक्स लागला तर काय होतं? दोन्ही रेषा शांत असतात तेव्हा काहीच नाही, दोन्ही ३.३ वर असतात. एकाने बोलायला घेतलं की तो रेषा खाली ओढतो, दुसरा वर धरून ठेवतो, आणि मधलंच काहीतरी व्होल्टेज तयार होतं. थोडा वेळ असं झालं तर चिप बहुधा वाचते, म्हणूनच अदलाबदल करून बघायची सवय आपल्यात टिकली आहे. पण तसं जोडून रात्रभर ठेवायचं नाही. अंदाजाने अदलाबदल करावीच लागली तर दोन्ही संकेत-वायरींत १ किलोओमचा एकेक रोध घाला. मग भांडण झालं तरी प्रवाह ३.३ मिलिअँपिअरच्या वर जात नाही, आणि ११५२०० च्या वेगाला तो रोध आड येत नाही.

अक्षरं आली पण कचरा आला तर ११५२०० च्या जागी ५७६०० करून पाहा, मग ३८४०० आणि ९६००. घरगुती राउटरांत ११५२०० सर्वात जास्त आढळतो, काही जुन्या चिपांवर ५७६०० असतो. ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, हे मला बदलावं लागलेलं नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण

एका मित्राने फर्मवेअर फसलेला राउटर आणून दिला. त्याने वायरी दोन्ही प्रकारे लावून पाहिल्या होत्या, पडदा काळाच. "सरळ लावलं, उलटं लावलं, दोन्ही वेळा काही नाही, म्हणजे बोर्ड गेला," असं त्याचं म्हणणं. तर्क ऐकायला चोख वाटतो. पण तो बाकीचं सगळं बरोबर असेल तरच खरा.

मी अडॅप्टर एकटा लावला, टीएक्स-आरएक्स जोडून टाइप केलं. काही नाही. `by-id` मध्ये पाहिलं तर `ttyUSB0` म्हणजे त्याच्या लॅपटॉपला लावलेलं दुसरंच उपकरण होतं, आणि अडॅप्टर `ttyUSB1` वर बसला होता. म्हणजे त्याने वायरी सरळ लावल्या काय आणि उलट लावल्या काय, तो भलतीकडेच कान लावून बसला होता. त्याच्या दोन्ही प्रयोगांतून बोर्डाबद्दल काहीच सिद्ध झालं नव्हतं.

योग्य पोर्टवर अक्षरं परत आली. मग पाटीप्रमाणे, नियमाने उलटसुलट जोडलं. तरी काळा पडदा. राउटरची टीएक्स पिन मोजली तर बूट होताना आकडा २.४ ते ३ च्या मध्ये थरथरत होता, म्हणजे राउटर बोलत होता. संशय अडॅप्टरवर आला. शून्यांची धार सोडली, आणि आकडा कोसळला तो 'RXD' छापलेल्या पिनेवर, ३.३ वरून ०.४ वर. या अडॅप्टरवरची पाटी 'समोरच्याचं काय लावायचं' ते सांगत होती. वायरी बदलल्या आणि बूटलोडरचे शब्द आले. पुढे फर्मवेअर भरायला जेमतेम दहा मिनिटं लागली.

अडॅप्टर लावला की राउटर सुरू होत नसेल

राउटर बंद असतानाही अडॅप्टरचा टीएक्स ३.३ वर असतो. त्या वायरीतून थोडी वीज मुख्य चिपमध्ये शिरते, चिप अर्धवट जागी राहते आणि खरी वीज आल्यावर नीट रीसेट होत नाही. राउटर बंद असताना त्याचे दिवे मंद लुकलुकत असतील तर हेच चाललंय. 'बाहेर' वायर मोकळी ठेवून राउटर चालू करा आणि बूटलोडरच्या पहिल्या ओळी दिसताच ती लावा. वायरीतला १ किलोओमचा रोधही इथे मदत करतो.

राउटर नेहमी बूटलोडरपाशीच थांबत असेल तर त्याच्या आरएक्सवर खोटी अक्षरं पडत आहेत. वायरीचं एक टोक राउटरला आणि दुसरं हवेत लटकलेलं असलं की असं होतं. ते टोकही काढून टाका.

इथे थांबा आणि जाणकाराला द्या

राउटरला बाहेरचा अडॅप्टर नसून घरातली वीज थेट पेटीत जात असेल तर पेटी उघडू नका. आतल्या पुरवठ्याचे कपॅसिटर वीज काढल्यावरही धक्का देऊ शकतात.

बोर्डाच्या पिना नसून नुसते पॅड असतील आणि बारीक सोल्डरिंगचा हात नसेल तर दुसऱ्या कुणाकडून पिना लावून घ्या. उचकटलेला पॅड परत बसवणं हे मूळ कामाहून कितीतरी अवघड आहे.

चुकून ५ व्होल्ट लागला, किंवा व्हीसीसी जोडली गेली आणि एखादी चिप बोट टेकवत नाही इतकी तापते आहे, तर वीज काढा आणि पुन्हा चालू करू नका. तो बोर्ड मोबाइल-लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे न्या आणि कुठल्या पिनेला काय लागलं ते त्याला आधी सांगा.

आणि वरचं सगळं बरोबर असूनही टीएक्स पिन बूट होताना अजिबात थरथरत नसेल, ती ३.३ वर किंवा शून्यावर गोठलेली असेल, तर दोष वायरीत नाही. एक तर बूटलोडरच खराब झाला आहे, नाहीतर मुख्य चिप किंवा तिचा पुरवठा. बूटलोडर परत भरायला फ्लॅश चिप प्रोग्रॅमरने लिहावी लागते. ते साधन आणि सवय नसेल तर अडॅप्टर काढून ठेवा आणि बोर्ड दुरुस्तीला द्या.